ऑपरेशनच्या दिवशी सकाळच्या गोळ्या: तुमच्याकडे काय गोंधळ झाला?

मधुरा_नाशिक
शेजारचे काका काल हर्नियाच्या ऑपरेशनला बॅग भरून गेले आणि संध्याकाळी तशीच बॅग घेऊन परत आले. कारण काय, तर रक्त पातळ ठेवणारी कॅप्सूल त्या दिवशी सकाळपर्यंत चालू होती. काकू म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं." मला एकदम बाबांचं २०१९ चं आठवलं.

बाबांचं उलटं झालं होतं. त्यांना नर्सने सांगितलं, रात्री बारानंतर पोटात काही नको. बाबांनी ती निर्जळी एकादशीच मानली. स्टीलच्या डबीत सात गोळ्या असायच्या, त्यातली एकही घेतली नाही. शिवाय "आदल्या दिवशीपासूनच पोट हलकं ठेवू" म्हणून आदल्या दिवशीच्याही गाळल्या. त्यात मेटोप्रोलॉल होती, दोन वेळची. टेबलावर घेतलं तेव्हा नाडी १२८ आणि वरचं बीपी १९० च्या पुढे. भूलतज्ज्ञांनी विचारलं, "आजोबा, सकाळची गोळी?" बाबा अभिमानाने म्हणाले, "पाण्याचा थेंबही नाही!" ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. काकूंना वाचून दाखवणार आहे.

रश्मी७८
आमच्या सासऱ्यांनी गोळ्या सगळ्या बरोबर घेतल्या. चहासोबत. दुधाच्या. मारीसहित.

ओंकार_डोंबिवली
@रश्मी७८ 😂 "चहा म्हणजे पाणीच की" हे आमच्याकडेही झालंय

भूलवाली
मी याच धंद्यात आहे, दोन केसेसच्या मधे लिहितेय, चुका समजून घ्या.

मधुरा, तुझ्या बाबांसारखे पेशंट मला आठवड्याला एक तरी भेटतात. घोटाळा असा की "उपाशी" हा शब्द अन्नासाठी असतो, गोळी त्यात धरलेली नसते. जेवण सहा तास आधी बंद, दुधाचा चहाही त्यातच धरायचा. साधं पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. त्यामुळे ज्या गोळ्या चालू ठेवायच्या त्या दोन घोट पाण्यासोबत पहाटे घेता येतात.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल या गटातली गोळी हृदयाचा वेग दाबून धरते. ती रोज मिळत असेल तर शरीर त्या दाबाविरुद्ध आपली तयारी वाढवून ठेवतं. गोळी अचानक काढली की दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटावी तसं होतं, नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात. म्हणून ती चुकवायची नाही. अम्लोडिपिनही सहसा चालू. फिट्सची गोळी तर नक्कीच चालू.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांचं उलटं. भूल दिली की रक्तवाहिन्या सैल पडतात. तेव्हा बीपी सावरायला शरीर जी यंत्रणा वापरतं तीच या गोळ्यांनी बंद केलेली असते. मग बीपी ८० वर येतं आणि नेहमीच्या इंजेक्शनांना दाद देत नाही. मी २४ तास आधी थांबवायला सांगते. पण यावर आमच्यात एकमत नाही. शेजारच्या थिएटरमधले सर चालू ठेवतात आणि "उतरलं तर बघू" म्हणतात.

बाकी नंतर, बोलावलं.

संजय_पाटील_सांगली
अहो पण टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल एकाच गोळीत असेल तर? आमच्या आईची तशीच आहे. अर्धी तोडायची का?

भूलवाली
@संजय, तोडून काही होत नाही, अर्ध्या गोळीतही दोन्ही असतातच. अशा वेळी मी त्या एका दिवसापुरती नुसती मेटोप्रोलॉल लिहून देते, तेवढ्याच ताकदीची. पण त्यासाठी पेशंटने रिकामं पाकीट दाखवावं लागतं. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावरून मला काहीच कळत नाही.

कुमुद_आजी
थायरॉइडची गोळी रक्त तपासायच्या दिवशी घ्यावी का? लॅबवाला मुलगा उपाशी या म्हणाला आहे.

रश्मी७८
आजी, इथे ऑपरेशनचं चाललंय 🙂 मी तरी रक्त देऊन मग घेते.

कुमुद_आजी
बरं बरं. मोतीबिंदूचं पण आहे माझं पुढच्या महिन्यात, ते ऑपरेशनच ना?

विश्वास_इंजिनिअर
मूळ प्रश्नावर येतो. नियम सोपा आहे. रक्त पातळ करणारं जे काही असेल ते ७ दिवस आधी बंद. ॲस्पिरिनने बिघडवलेल्या प्लेटलेट्स बदलायला तेवढा वेळ लागतो. आमचे फॅमिली डॉक्टर सगळ्यांना हेच सांगतात, दात काढायचा असला तरी. कुमुदताई, तुम्हीही बंद करा.

तेजश्री_पुणे
@विश्वास, कृपा करून आजींना असं सांगू नका. प्लेटलेट्सचं तुमचं बरोबर आहे, पण "सगळ्यांना ७ दिवस" यानेच आमची आई जाता जाता राहिली. सविस्तर लिहिते, कुकर झाला की.

तेजश्री_पुणे
हं. आईला स्टेंट बसवून आठ महिने झाले होते. पित्ताशयात खडे, दोनदा प्रचंड दुखलेलं, त्यामुळे ऑपरेशन फार लांबवता येत नव्हतं. आई रोज रात्री एक कॅप्सूल घ्यायची, त्यात क्लोपिडोग्रेल ७५ आणि ॲस्पिरिन ७५ एकत्र. सर्जनच्या मदतनीसाने फोनवर सांगितलं, "रक्त पातळ व्हायची गोळी आठवडाभर बंद." मी कॅप्सूल कपाटात ठेवूनही दिली होती.

दुसऱ्या दिवशी हृदयवाल्या डॉक्टरांकडे सहज दुसऱ्या कामाला गेले आणि सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीतली धातूची जाळी. तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून ही दोन औषधं आहेत. दोन्ही एकदम काढली आणि वर ऑपरेशनचा ताण, ज्यात रक्त मुळात जास्त गोठायला बघतं, तर स्टेंटच बंद पडू शकतो. आणि ते म्हणजे सरळ मोठा हार्ट अटॅक. स्टेंट सहा महिन्यांच्या आतला असता तर त्यांनी ऑपरेशनच पुढे ढकलायला सांगितलं असतं. त्यांनी तिथूनच सर्जनला फोन लावला. ठरलं असं: ॲस्पिरिन एकही दिवस चुकवायची नाही, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा. क्लोपिडोग्रेल फक्त ५ दिवस बंद.

आता गंमत. दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये! म्हणजे कॅप्सूल थांबवून नुसती ॲस्पिरिन ७५ वेगळी आणायची. हे त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं म्हणून कळलं, नाहीतर मी कॅप्सूल बंद करून मोकळी झाले असते. मग दिवस मोजण्यावरून मी आणि भाऊ भांडलो. ऑपरेशन सोमवारी १७ ला. भाऊ म्हणे १२ ला शेवटची. फोन करून विचारलं तर म्हणाले, मधले पूर्ण ५ दिवस कोरे हवेत. १२, १३, १४, १५, १६ कोरे, म्हणजे शेवटची कॅप्सूल ११ च्या रात्री. १२ पासून रात्री नुसती ॲस्पिरिन. कॅलेंडरवर लाल पेनने फुल्या मारल्या.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं, रक्त नेहमीपेक्षा थोडं जास्त आलं म्हणाले, बाकी ठीक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्जनने हो म्हटल्यावर कॅप्सूल पुन्हा सुरू. हे "पुन्हा कधी सुरू" विचारायला लोक विसरतात! आमच्या शेजारच्या बेडवरचे आजोबा डिस्चार्जनंतर तीन आठवडे बंद ठेवून बसले होते.

विश्वास_इंजिनिअर
स्टेंटची केस वेगळी, ते मान्य. पण दाताचं?

भूलवाली
दात आणि मोतीबिंदू दोन्हींत बहुतेक वेळा ॲस्पिरिन बंद करत नाहीत, विश्वासजी. दाताच्या खाचेत कापूस दाबून धरला की रक्त थांबतं. मोतीबिंदू आता बहुधा नुसत्या थेंबांवर होतो, सुईसुद्धा नाही. उलट पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल असेल तर क्लोपिडोग्रेलबद्दल आम्ही फार कडक असतो. तिथे मणक्याच्या आत रक्त साठलं तर मज्जारज्जू दबतो आणि पाय जाऊ शकतात. मधुराच्या काकांना परत पाठवलं ते यामुळेच असणार. हर्नियाला पाठीतलीच देतात बऱ्याचदा.

कुमुद आजी, मनाने काही बंद करू नका. आणि घरात कुणी प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन घेत असेल तर मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांना आधी सांगा. तिने डोळ्याची बाहुली ढिली पडते आणि त्यांची धांदल उडते. आयत्या वेळी बंद करूनही उपयोग नसतो.

कुमुद_आजी
आमचे हे घेतात. पण डोळा माझा आहे.

ओंकार_डोंबिवली
😂😂 आजी जिंकल्या

सुहास_रत्नागिरी
माझी स्वतःची हृदयाची झडप धातूची आहे, रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिट्रोम चालू. मागच्या वर्षी मूळव्याधीचं ऑपरेशन. मला गोळी तीन दिवस बंद, पण त्या दिवसांत पोटात इंजेक्शनं, सकाळ-संध्याकाळ. बायकोने दिली, हात थरथरत होता तिचा, माझं पोट निळं-जांभळं. शेवटचं इंजेक्शन ऑपरेशनच्या २४ तास आधी. सकाळी रक्त गोठण्याची तपासणी केली, आयएनआर १.४ आला तेव्हा आत घेतलं. माझ्या भावाला ठोक्यांच्या अनियमितपणासाठी तशीच गोळी आहे, त्याला गोळी बंद केली पण इंजेक्शनं काहीच दिली नाहीत. तो मला म्हणतो तुझ्या डॉक्टरने पैसे काढले. झडप आणि ठोके यात फरक आहे म्हणतात, पण भावाला कोण समजावणार.

नीलिमा_ठाणे
आमच्या मावशीचं साखरेच्या गोळीवरून झालं. डॅपाग्लिफ्लोझिन, लघवीतून साखर काढणारी. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सकाळी घ्यायची नाही हे तिला माहीत होतं, उपाशीपोटी साखर उतरेल म्हणून. पण ही तिसरी आदल्या दिवशीपर्यंत चालू. ऑपरेशननंतर उलट्या, धाप, आणि सगळे म्हणतायत साखर १७० च आहे, भुलीचा त्रास असेल. रात्री एका ज्युनिअर मुलीला शंका आली, तिने रक्तातले कीटोन तपासले, भरमसाठ. दोन दिवस आयसीयू. ही गोळी तीन दिवस आधी थांबवायची असते, हे नंतर कळलं.

भूलवाली
@नीलिमा, त्या ज्युनिअरला माझ्याकडून शाबासकी. साखर वाढलेली दिसत नाही म्हणूनच चुकतं ते.

संजय_पाटील_सांगली
आईचं पाकीट शोधायला गेलो तर तिने सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून होमिओपॅथीच्या बाटलीत भरून ठेवल्यात. "पाकीट जागा खातं" म्हणे.

रश्मी७८
आमच्याकडे पार्ले-जीच्या डब्यात

मधुरा_नाशिक
काकूंना वाचून दाखवलं. काकांची कॅप्सूल तेजश्रीच्या आईसारखीच, दोन्ही एकत्र. स्टेंट २०२१ चा. उद्या हृदयवाल्यांकडे जाणार, पाकीट मी फोटो काढून ठेवलंय. काकांचा मात्र एकच प्रश्न आहे, भरलेली बॅग रिकामी करायची की तशीच ठेवायची.

प्रसाद_सिंगापूर
बाबांना पुण्यात गुडघा बदलायचाय, रक्त पातळ ठेवणारी अपिक्साबान चालू आहे. एकाने दोन दिवस सांगितलं, एकाने तीन. किडनी थोडी कमजोर आहे. भूलवाली ताई, आहात का?

तेजश्री_पुणे
त्या थिएटरमध्ये असतील. क्रिॲटिनिनचा रिपोर्ट काढून ठेवा तोवर, माझ्या आईच्या वेळी पहिलं तेच विचारलं होतं.