घटना बदलणं सोपं असावं की अवघड? (सहकाराच्या 97व्या दुरुस्तीवरून)

करवीरकाठ: परवा गावच्या दूध संस्थेच्या सभेनंतर एकजण म्हणाला, आपली घटना ताठर आहे म्हणून कामं अडतात, इंग्लंडसारखी साध्या बहुमतावर बदलता आली पाहिजे. मला पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

पंचगंगा_घाट: मला त्याचं पटतंय. लोकांनी बहुमत दिलंय ना सरकारला, मग पुन्हा दोन तृतीयांश कशाला. आणि खरं सांगायचं तर आपली घटना ताठर नाहीच, 2023 पर्यंत 106 दुरुस्त्या झाल्यात. अमेरिकेत दोनशेच्या वर वर्षांत 27.

जुना_वकील: 106 चा आकडा बरोबर आहे, पण त्यावरून घटना लवचिक ठरत नाही. आपल्याकडं दारं वेगवेगळी आहेत. नवीन राज्य करायचं, राज्याची हद्द बदलायची तर संसदेत साधं बहुमत पुरतं. बाकी बऱ्याच कलमांना दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत, आणि वर हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. आणि जिथं राज्यांच्या अधिकाराला हात लागतो तिथं निम्म्या विधानसभांचे ठरावसुद्धा लागतात.

सहकाराचंच घ्या, आपल्या जिल्ह्याला ते कळेल. 97वी दुरुस्ती संसदेनं डिसेंबर 2011 मध्ये पास केली, 15 फेब्रुवारी 2012 पासून लागू. संचालक 21 पेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षं, असल्या गोष्टी थेट घटनेत गेल्या. हेतू चांगलाच होता, पण सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय, म्हणजे त्यावर कायदा राज्यांनी करायचा, आणि त्यावेळच्या 28 राज्यांपैकी निदान 14 विधानसभांचे ठराव घ्यायला पाहिजे होते, ते घेतलेच नाहीत. केंद्राचं म्हणणं असं की आम्ही राज्यसूचीतला एक शब्दही बदललेला नाही. 2013 ला गुजरात हायकोर्टानं हे मानलं नाही, आणि 20 जुलै 2021 ला सुप्रीम कोर्टानंही. कोर्टाचं म्हणणं, सूचीतली नोंद तशीच ठेवून राज्यानं कायदा कसा करायचा हे तुम्ही बांधून घातलं तर अधिकार कमी झालाच की. पंचायत राजच्या 73व्या दुरुस्तीला राज्यांचे ठराव घेतले होते, इथं ती पायरीच गाळली.

शिरोळचा_गडी: म्हणजे 97वी गेली का? मग माझं मत परत मिळायला पाहिजे! आमच्या संस्थेनं मला अक्रियाशील सभासद करून मतदार यादीतनं काढलंय, सभेला आला नाहीस, दूध घातलं नाहीस म्हणून. म्हैस आजारी होती, घालणार कुठनं? लय जिव्हारी लागलंय ते.

जुना_वकील: तुमचं दुःख खरं आहे, पण या निकालानं ते सुटत नाही हो. महाराष्ट्रानं 2013 ला स्वतःचा सहकार कायदा बदलला, अक्रियाशील सभासदाची तरतूद त्यात आली. घटनेतला भाग राज्यातल्या संस्थांपुरता रद्द झाला तरी राज्याचा कायदा आपल्या पायावर उभा राहतो. तो बदलायचा तर विधिमंडळात साधं बहुमत बास. यादीवर मात्र लेखी हरकत घ्या, तीही मुदतीत.

पंचगंगा_घाट: बघा, म्हणजे चांगली सुधारणा एका चुकलेल्या पायरीपायी साडेनऊ वर्षांनी पडली. इंग्लंडात असं झालं नसतं.

राजारामपुरी_ताई: इंग्लंडचंच सांगते. 2011 ला त्यांनी कायदा केला की मुदतीआधी निवडणूक घ्यायची तर 650 पैकी 434 खासदार पाहिजेत. सप्टेंबर 2019 मध्ये पंतप्रधान जॉन्सन यांना 298च मतं मिळाली. मग ऑक्टोबरात त्यांनी त्या एका निवडणुकीपुरता वेगळा कायदा आणला, त्याला साधं बहुमतच लागत होतं, आणि 12 डिसेंबरला मतदान झालंसुद्धा. म्हणजे दोन तृतीयांशची अट कागदावरच राहिली, कारण जी अट साध्या बहुमतानं घातली ती साध्या बहुमतानंच बाजूला करता येते. उद्या तिथं एखाद्या लहान गटाचा हक्क असाच बाजूला सारला तर अडवणार कोण? मला तरी ही भीती मोठी वाटते.

पंचगंगा_घाट: पण ताई, तिथली कोंडी फुटली, लोकांना मत देता आलं! ते वाईट कसं? अट पाळत बसले असते तर तेच अडकलेलं सभागृह पुढं रेटावं लागलं असतं. आपल्याकडं संयुक्त बैठक बोलवून दुरुस्ती पास करायचीही सोय नाही, एक सभागृह अडलं की संपलं.

जुना_वकील: हा मुद्दा मी नाकारत नाही. पण विधानसभांचे ठराव घेणं काही डोंगर उचलणं नव्हे, तिथं साधंच बहुमत लागतं. जीएसटीला 2016 मध्ये संसदेनंतर साधारण महिन्याभरात पुरेशा राज्यांचे ठराव आले. 97व्या वेळी वाट अवघड होती म्हणून नव्हे, ती लागत नाही असं धरून चालले म्हणून घात झाला.

करवीरकाठ: आमच्या शेजारच्या एका संस्थेचे सभासद कर्नाटकातही आहेत, बहुराज्य नोंदणी आहे. त्यांना काय लागू?

जुना_वकील: बहुराज्य संस्था केंद्राच्या सूचीत, त्यामुळं त्यांच्यापुरता तो भाग कोर्टानं जिवंत ठेवला. पण निकाल दोन विरुद्ध एक होता. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मते राज्यांचा भाग काढल्यावर उरलेलं एकटं चालूच शकत नाही. ती कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचली की मलाही तेच जास्त पटतं.

पंचगंगा_घाट: मला अजूनही वाटतं, निम्मी राज्यं ही अट फार आहे.

राजारामपुरी_ताई: आणि मला कमी वाटते. अमेरिकेत 50 पैकी 38 लागतात.