पॉवर वाढवूनही खाली का?

“हेलिकॉप्टर खाली बसायला लागलं, तर पायलट पॉवर वाढवून सरळ वर का येत नाही?”

कारण इथे पॉवरच अंगावर येते. रोटर हवा खाली ढकलतो. हेलिकॉप्टर जवळपास उभंच उतरलं, तर ते त्याच हवेत शिरतं. ती पात्यांच्या टोकांवरून भोवऱ्यासारखी वर वळते आणि पुन्हा रोटरमध्ये ओढली जाते. हीच ‘व्हॉर्टेक्स रिंग स्टेट’, काहींच्या भाषेत ‘सेटलिंग विथ पॉवर’. अशात कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवणारा दांडा, ओढला की भोवरे आणखी जोर धरतात.

साताऱ्याचंच घ्या. समजा, कोणी यवतेश्वरकडून शहराकडच्या मैदानात उतरतोय आणि पाठीमागून पश्चिमेचा १५ नॉटचा वारा आहे. जमिनीच्या हिशेबाने वेग २० नॉट, म्हणून गडी निवांत! पण हवेतला वेग उरला फक्त ५, आणि उतरण मिनिटाला ६०० फूट. ढोबळमानाने उतरण मिनिटाला ३०० फुटांपुढे आणि हवेतला वेग ३० नॉटच्या आत असला की धोका सुरू होतो. आधी थरथर, मग नाक इकडेतिकडे, आणि मग धप्पकन खाली.

जुनी रीत म्हणजे कलेक्टिव्ह कमी करून नाक खाली घालायचं आणि पुढे वेग घ्यायचा. सुटका होते, पण उंची बरीच जाते. स्विस पायलट व्हुईशार यांची रीत बाजूला निसटण्याची आहे: कलेक्टिव्ह टेकऑफ पॉवरपर्यंत, पेडलने नाक सरळ, आणि टेल रोटर ढकलतो त्याच बाजूला १०-२० अंश झुकाव. रोटरची कड भोवऱ्याच्या वर चढणाऱ्या हवेत पोचली की सुटलात. वेळेवर केलं तर ५० फुटांच्या आत भागतं.

मात्र वजन जास्त आणि इंजिन अपुरं म्हणून बसणं, हे वेगळं दुखणं. त्यालाही लोक ‘सेटलिंग विथ पॉवर’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो.