प्रति: आभार मानताना सगळ्यांना ‘आपण’ चालेल का?

> ‘जत्रेतल्या नाटकानंतर आभाराचं माझ्याकडे आहे. जागा देणारे काका वडीलधारे, सेटवाले माझ्या वयाचे, प्रॉम्प्टिंगला शाळेतली मुलगी. सरसकट ‘आपण’ म्हटलं तर?’

काकांना ‘आपण’ शोभतं, पण क्रियापदातला ‘त’ गाळू नका. ‘आपण तालमीला जागा दिलीत’ म्हणजे काकांनी दिली. ‘आपण जागा दिली’ म्हटलं की बोलणाराही त्यात येतो, जणू सगळ्यांनी मिळून दिली. आभारात नेमका इथेच घोटाळा होतो. ‘त’च्या आधीचा भाग दिलेल्या वस्तूप्रमाणे बदलतो: जागा दिलीत, सामान दिलंत, खुर्च्या दिल्यात. काका बाई असत्या तरी रूप हेच.

माइकवरून प्रेक्षकांना सांगत असाल तर ‘काकांनी जागा दिली’, तिथे ‘त’ नको. ‘काकांनी जागा दिलीत’ अशी सरमिसळ फोंड्याकडच्या जत्रांत मी बरेचदा ऐकतो. आणि ‘आपण’ने सुरुवात केली की शेवटीही ‘आपले आभार’. मध्येच ‘तुमचे’ आलं की कानाला खटकतं.

सेटवाले अनेक आहेत, त्यामुळे तू की तुम्ही हा प्रश्नच उरत नाही: ‘तुम्ही रात्रभर जागून सेट उभा केलात.’ एकट्या मित्राला मात्र ‘आपण’ म्हणाल तर तो थट्टा समजेल.

मुलीला सरळ ‘तू प्रॉम्प्टिंग छान केलंस’. ‘आलीस’, ‘बसलीस’ अशा रूपांत ती मुलगी असल्याचं कळतं, ‘केलंस’मध्ये नाही. तिच्या आईला बोलावलंत तर पुन्हा ‘तुम्ही आलात’. घरी कोकणीत ‘देव बरें करूं’ म्हणून मोकळे होतो, ते वेगळं.