मदत हवी आहे: पायलट चांगला गेला, आता लाँचच्या यशाची शक्यता ७५ टक्के धरायची की ६०?

वडी_परळ
नमस्कार मंडळी. परळच्या एका छोट्या खाद्यपदार्थ कंपनीत मी हिशेब आणि प्लॅनिंग बघतो. आम्ही फ्रोझन कोथिंबीर वडी आणतोय. दादर, माहीम, परळ मिळून ६ दुकानांत ६ आठवडे पायलट केला. दुकानामागे आठवड्याला सरासरी ४० पाकिटं खपली तर निकाल चांगला म्हणायचा, असं आधीच ठरलं होतं. खपली ५२. आता बोरिवलीपर्यंत ६० दुकानांत उतरायचं की नाही, ते शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ठरेल.

जुनं रजिस्टर काढून बसलो. आजवर २० पदार्थ बाजारात आणले, त्यांतले ८ चालले आणि १२ पडले. चाललेल्या ८ पैकी ६ जणांचा पायलट चांगला होता. पडलेल्या १२ पैकी ४ जणांचाही चांगलाच होता.

साहेब म्हणतात, "चाललेल्या मालात चारातल्या तिघांचा पायलट चांगला, म्हणजे आपली शक्यता ७५ टक्के." माझं उत्तर ६० येतंय. साहेबांचं कुठे चुकतंय ते कळतं, पण त्यांना पटेल असं सांगता येत नाही. चाललं तर पहिल्या वर्षी ४० लाख सुटतील. पडलं तर डीप फ्रीझर आणि छापून घेतलेली पॅकिंग फिल्म धरून ३० लाख जातील.

आकडेमोड
६० बरोबर आहे. साहेबांना सूत्र दाखवू नका, २० चिठ्ठ्या करून न्या. प्रत्येकीवर पदार्थाचं नाव, पायलट कसा गेला आणि पुढे चालला की पडला, एवढंच लिहा. मग म्हणा, आपला पायलट चांगला गेलाय, तर वाईट पायलटच्या चिठ्ठ्या बाजूला काढू. टेबलावर १० उरतील, त्यांत ६ चाललेल्या. साहेब फक्त चाललेल्यांच्या ८ चिठ्ठ्या हातात घेऊन मोजतायत. पण वडी त्या आठांतली आहे की नाही, हेच तर आपल्याला माहीत नाही.

पैशाच्या बाजूने बघा. ४० मिळणार किंवा ३० जाणार, तर काठावरची शक्यता ३० भागिले ७०, म्हणजे साधारण ४३ टक्के. पायलटच्या आधी तुम्ही ४० टक्क्यांवर, काठाच्या खाली होतात. आता ६० वर, म्हणजे सरासरी १२ लाख नफ्याच्या बाजूला. पायलट वाईट गेला असता तर उरलेल्या १० चिठ्ठ्यांत चाललेल्या दोनच, २० टक्के.

दोन गोष्टी विचारतो. वाईट पायलटनंतरही माल बाजारात आणायचात का? आणि हा पायलट कोणत्या आठवड्यांत केला?

डोंबिवली_फास्ट
६ आठवड्यांचे ३-३ असे दोन पायलट धरा की. दोन्हींत ४० च्या वर असाल तर ६० टक्क्यांना नवी सुरुवात मानून तोच हिशेब परत करायचा. मी केला, ७७ टक्के येतात. साहेबांचा आकडाही राहतो!

गिरगावची_माई
मला टक्क्यांतलं फार कळत नाही, पण माझा अनुभव सांगते. पहिल्या दिवाळीत चकली ७० किलो गेली म्हणून दुसऱ्या वर्षी दोन बायका कामाला ठेवल्या. तेव्हा ४० किलोसुद्धा गेली नाही. पहिल्या वर्षी अर्धी गिऱ्हाइकं नात्यातली आणि चाळीतली होती, कौतुकाने घेऊन गेली. तुमची वडी दुसऱ्यांदा कोणी नेली, ते दुकानदाराला विचारलंत का?

आकडेमोड
डोंबिवली, परत परत सुधारणा करण्याची रीत बरोबर आहे, पण दुसरा निकाल पहिल्यापासून वेगळा हवा. तीच सहा दुकानं, तीच गिऱ्हाइकं, तोच मोसम. पहिले तीन आठवडे ज्या कारणाने फुगले असतील त्याच कारणाने पुढचे तीनही फुगतील. एकच साक्षीदार दोनदा उभा केला तर साक्षी दोन होत नाहीत.

वडी_परळ
सगळ्यांचे आभार. जुने मालक पायलट बघायचे, पण फिल्म आधीच छापून आलेली असायची, म्हणून वाईट निकालानंतरही माल आणायचेच. तीन पदार्थ मात्र मध्येच सोडले होते, ते रजिस्टरच्या २० मध्ये नाहीत.

पायलट श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून गणपती जाईपर्यंत चालला. दुकानामागे आठवड्याची पाकिटं अशी: ४४, ४३, ४६, ४५, ६८, ६६. जुने पायलट बहुतेक हिवाळ्यात झालेले. माई, दुसऱ्यांदा कोणी नेली हे कुणीच नोंदवलेलं नाही.

गिरगावची_माई
अहो, श्रावण आणि गणपती! आमच्याकडे तेव्हा मासळी बंद. रोज संध्याकाळी खायला काय करू, हाच प्रश्न, म्हणून वडीचं पाकीट येतंच. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाजारात, बोंबील आणायला.

आकडेमोड
माईंनी नेमकं बोट ठेवलं. गणपतीचे दोन आठवडे काढले तर सरासरी साडेचव्वेचाळीस, म्हणजे ४० च्या जेमतेम वर, आणि तीही श्रावणातली. रजिस्टरमधलं "पडलेल्या १२ पैकी ४ जणांचा पायलट चांगला" हे हिवाळ्याचं माप आहे. या दिवसांत पडणारा मालही चांगला दिसतो.

म्हणून शुक्रवारी प्रश्न उलटा टाका: ते १२ पडलेले पदार्थ श्रावण-गणपतीत विकले असते, तर किती जणांनी ४० पार केले असते? उत्तर ६ असेल तर ६ भागिले १२, शक्यता ५० टक्के, अजूनही होकार. ८ असेल तर ६ भागिले १४, बरोबर काठावर. त्याहून जास्त वाटत असतील तर नकार. ही नावं साहेबांना पाठ असतील. एकेक पदार्थ घेऊन त्यांनाच विचारा.

डोंबिवली_फास्ट
पण मग चालणारा मालही या दिवसांत जास्त खपेल ना? चांगले ८ चे ८ पार गेले असते असं धरा. मग ८ आणि ८, म्हणजे ५० टक्के, काठाच्या वर. तुम्ही एकच बाजू वाढवलीत.

आकडेमोड
मान्य, ते माझ्याकडून सुटलं. दोन्ही बाजू हलवायला हव्यात. तुमच्या हिशेबात पडलेले १० पार गेले तरी ८ भागिले १८, साधारण साडेचव्वेचाळीस टक्के येतात, काठाच्या किंचित वर. ११ झाले तर खाली. पण मग हेही बघा: चांगला माल आणि पडणारा माल दोन्ही पारच जाणार असतील, तर पायलटने काही सांगितलंच नाही, आपण पुन्हा ४० कडे सरकतो. आणि मध्येच सोडलेले ते तीन? ते पडलेच असते असं धरलं तर सुरुवात २३ मध्ये ८, पस्तिसाच्या आसपास. त्यांचे पायलट कसे होते, ते कळल्याशिवाय मी पुढचा आकडा देणार नाही.

वडी_परळ
त्या तिघांपैकी दोघांचा पायलट झालाच नव्हता, तिसऱ्याची फाईल सापडत नाहीये. आज साहेबांसमोर १२ नावं ठेवली. शेवयांचा उपमा, ज्वारीचे पापड, नाचणीचं सत्त्व असं करत त्यांनी सातांवर "गणपतीत गेला असता" अशी खूण केली. दोन नावांवर पेन बराच वेळ थांबलं, शेवटी ती तशीच सोडली. म्हणजे ७ ते ९, आणि चाललेले ६ च धरले तर काठ त्यांच्या मधोमध.

फ्रीझरवाल्याचा भाव महिनाअखेरपर्यंतच आहे. सहापैकी चार दुकानांत अजून माल आहे, म्हणून विसर्जनानंतरचे आकडे उद्या मागवतोय. पण आता पितृपक्ष चालू आहे आणि पाठोपाठ नवरात्र, त्यातही पुष्कळ घरी मासळी बंदच. हे आठवडे साधे म्हणून धरता येतील का? याच दिवसांत फ्रोझन माल विकणारं इथे कोणी असेल तर कृपया सांगा.