मदत हवी आहे: श्रावण जुलै-ऑगस्टमध्ये लिहू की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये?

मुक्ता_दोहा

नमस्कार मंडळी. इथे दर शुक्रवारी मुलांचा मराठी वर्ग भरतो, त्यासाठी भिंतीवर लावायचा मराठी महिन्यांचा तक्ता करतेय. चैत्र मार्च-एप्रिल, वैशाख एप्रिल-मे, ज्येष्ठ मे-जून, आषाढ जून-जुलै, श्रावण जुलै-ऑगस्ट, भाद्रपद ऑगस्ट-सप्टेंबर, आश्विन सप्टेंबर-ऑक्टोबर, कार्तिक ऑक्टोबर-नोव्हेंबर, मार्गशीर्ष नोव्हेंबर-डिसेंबर, पौष डिसेंबर-जानेवारी, माघ जानेवारी-फेब्रुवारी आणि फाल्गुन फेब्रुवारी-मार्च, असं लिहून झालं.

मग जुनी कॅलेंडरं चाळली. २०२५ मध्ये पहिला श्रावणी सोमवार २८ जुलैला होता, २०२३ मध्ये मात्र २१ ऑगस्टला. जवळजवळ महिन्याचा फरक! त्यात शेजारच्या इंदूरच्या वहिनींचे सोमवार २०२५ मध्ये १४ जुलैलाच सुरू झाले होते. दर वर्षी खरा ठरेल असा तक्ता करता येतो का?

भाऊ_सातारकर

सोपं आहे ताई. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून सगळे सण दर वर्षी ११ दिवस मागे येतात. प्रत्येक महिना १५ तारखेपासून पुढच्या १५ तारखेपर्यंत धरा, फार चुकणार नाही.

पंचांगप्रेमी

भाऊ, मागे येतात हे बरोबर, पण मागेच जात राहत नाहीत. पाडवा बघा: २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च. याच हिशोबाने २०२७ ला तो मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात यायला हवा, पण येणार आहे ७ एप्रिलला. कारण मध्ये २०२६ चा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून.

मुक्ताताई, तक्त्यात दोन महिन्यांच्या जोडीऐवजी एक खुंटी द्या. सूर्य मेष राशीत जातो साधारण १४ एप्रिलला, आणि ही संक्रांत ज्या चांद्र महिन्यात येते तो चैत्र. म्हणून पाडवा मार्चच्या मध्यापासून १४ एप्रिलपर्यंत कधीही येईल, त्यापुढे नाही. २०२१ ला तो १३ एप्रिलला होता, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. श्रावणाची खुंटी सिंह संक्रांत, १७ ऑगस्टच्या आसपास. पौषाची मकर संक्रांत, ती तर मुलांना पाठच असते.

आता २०२३ बघा. १८ जुलैला एक चांद्र महिना सुरू झाला आणि १६ ऑगस्टच्या अमावास्येला संपला. कर्क संक्रांत त्याच्या आधीच होऊन गेली होती, सिंह संक्रांत आली १७ ऑगस्टला. त्या महिन्याच्या वाट्याला एकही संक्रांत आली नाही, म्हणून तो अधिक श्रावण. खरा, म्हणजे निज श्रावण १७ ऑगस्टपासून १५ सप्टेंबरपर्यंत चालला. सणवार निज महिन्यात, म्हणून तुमचा सोमवार २१ ऑगस्टला गेला.

तेव्हा तक्त्यात लिहा: श्रावण, बहुधा जुलै-ऑगस्ट, कधी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, १७ ऑगस्ट मात्र नेहमी आत. हे वाक्य दर वर्षी खरं ठरेल.

रेवती_नागपूर

इंदूरच्या वहिनींचं मी सांगते, माझं माहेर तिकडचंच. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच, पण वद्य पक्षाला तिकडे पुढच्या महिन्याचं नाव मिळतं. म्हणून त्यांचा सावन आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपदातली. दिवस मात्र एकच! सासरी आल्यावर पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "अगं, अजून आषाढ सरायचाय, उपास कसले धरतेस?"

अनघाची_आई

माझा प्रश्न याच धाग्यात विचारते. मुलगी २०२३ च्या अधिक श्रावणात झाली. तिचा तिथीने वाढदिवस कधी करायचा? अधिक श्रावण तर पुन्हा बऱ्याच वर्षांनी येणार.

पंचांगप्रेमी

एरवीच्या वर्षी नेहमीच्या श्रावणात त्याच तिथीला करा, तसंच करतात.

भाऊ_सातारकर

खुंटीचं पटलं. पण आमच्याकडे वडिलांचं वर्षश्राद्ध अधिक महिना आला की दोन्ही महिन्यांत करतात, भावकीतले काही एकाच महिन्यात. त्याला काही नियम आहे का?

रेवती_नागपूर

भाऊ, आमच्या घरी फक्त निज महिन्यात. तुमच्या गुरुजींनाच विचारा.

मुक्ता_दोहा

पंचांगप्रेमी काका, रेवतीताई, खूप आभार. बारा महिन्यांपुढे बारा संक्रांतींच्या तारखा लिहिते आणि २०२६ साठी अधिक ज्येष्ठाची वेगळी पट्टी लावते. एक राहिलं: वर्गात दोन मुलं लखनौची आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येक महिन्याचे शुद्ध आणि वद्य असे दोन रंग केले तर चालेल ना?