रडार ४ मीटर, डीपी ३.८: खरं कोण?

> बंद टाकी, आतला द्रव गरम. पातळी मोजणारा रडार ४ मीटर दाखवतो, दाबातल्या फरकावरून पातळी काढणारा डीपी ट्रान्समीटर ३.८. कोणावर विश्वास ठेवायचा?

एका आकड्यावरून ठरवू नका. टाकी २ मीटरपर्यंत उतरवा आणि फरक पुन्हा बघा.

फरक २० सेंमीवरून १० सेंमी झाला, तर कारण घनता. डीपी खरं तर उंची मोजत नाही, द्रवाच्या स्तंभाचा दाब मोजतो. कॅलिब्रेशन १००० किलो प्रति घनमीटर धरून केलं असेल आणि गरम झाल्यावर घनता ९५० झाली, तर ४ मीटरला तो बरोबर ३.८ दाखवणार. ट्रान्समीटर ठणठणीत असतो, फक्त घनतेचा आकडा चुकीचा असतो.

फरक २० सेंमीच राहिला, तर डीपीच्या लो साइडच्या, म्हणजे टाकीच्या वरच्या भागाला जोडलेल्या, कोरड्या इम्पल्स लाइनमध्ये वाफ थंड होऊन पाणी साचलंय का ते बघा. साधारण २० सेंमी पाणी एवढाच फरक पाडतं. ड्रेन केल्यावर रीडिंग वर आलं, तर दुखणं सापडलं. (गरम लाइन उघडताना आधी आयसोलेट करा.)

रडारही डोळे झाकून मानू नका. फेस असेल तर डीपीला तो जवळपास जाणवत नाही, कारण फेसाला वजन फारच कमी असतं. रडार मात्र दाट फेसाचा माथा पातळी म्हणून दाखवू शकतो, नाहीतर त्याचा एको फेसातच विरतो. म्हणून एको कर्व उघडाच: शिखर बुटकं आणि पसरट दिसलं की फेसाचा संशय घ्या.

तिसरं मत म्हणून अल्ट्रासॉनिक इथे लावू नका. वाफेत ध्वनीचा वेग बदलतो, आणि त्यातला सेन्सर फक्त तापमानाची दुरुस्ती करतो, वायूच्या मिश्रणाची नाही.