सेफ्टी शूज: नंबर नव्हे, रुंदी बघा

> एक नंबर मोठे घेतले तरी शिफ्ट संपेपर्यंत बोटं सोलतात. काय चुकतंय?

दादा, नंबर वाढवून लांबी वाढते. तुम्हाला बहुधा रुंद पंजा हवाय. चामडं सैल होतं, स्टीलची टोपी कधीच होत नाही. वर मोठ्या बुटात टाच सरकते, पाय पुढे घसरतो आणि बोटं टोपीवर आपटत राहतात.

संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, कामाचेच मोजे घालून बूट घ्या. दुकानातच उकिडवे बसा. टोपीची मागची कड बोटांवर रुतली तर तो बूट नको.

आणखी एक. टोपीची चाचणी २०० जूलची, म्हणजे साधारण २० किलो वजन एक मीटरवरून पडल्याइतकी. असा एक घाव बसला की वरून धड दिसला तरी तो जोड टाकून द्या, कृपया. दबलेली टोपी पुढच्या वेळी बोटं वाचवेलच असं नाही.